फायरवॉलचे मागे पडलेले घड्याळ

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, सकाळी १० वाजून ४२ मिनिटे. ही वेळ मी कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहून वहीत लिहिली, कारण त्या क्षणी समोरच्या सहाही पडद्यांवरून भट्टी नाहीशी झाली होती. तापमानाचे आकडे, पंख्यांचे वेग, कोळशाचा भरणा दाखवणारी चित्रे गेली आणि त्यांच्या जागी एकच इंग्रजी मजकूर आला. तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या असतील तर या पत्त्यावर संपर्क साधा, असा त्याचा आशय होता.

आमचा सिमेंटचा कारखाना चंद्रपूर जिल्ह्यात आहे. सिमेंटची भट्टी म्हणजे साठ-पासष्ट मीटर लांबीचे, किंचित उतरते ठेवलेले, सतत फिरणारे पोलादी नळकांडे. आत चौदाशे अंशांच्या वरची उष्णता असते. पडदे गेले म्हणून भट्टी थांबत नाही. तिचे प्रत्यक्ष नियंत्रण करणारी यंत्रे वेगळ्या कपाटांत असतात आणि ती शेवटच्या सूचनेप्रमाणे काम करत राहतात. फक्त माणसांना काही दिसत नाही. सतरा मिनिटे आम्ही आंधळेपणाने भट्टी चालवली. मग शिफ्टच्या अभियंत्याने कोळसा बंद केला, आणि आमचे भाऊ धावत खाली जाऊन जागेवरच्या पॅनेलवरून भट्टी सहायक मोटरवर घेऊन आले. तापलेली भट्टी स्थिर ठेवली तर स्वतःच्या वजनाने वाकते. तिला हळूहळू फिरवत ठेवावे लागते. वर येऊन, घाम पुसत ते म्हणाले, "म्याडम, बाई वाचली." भट्टीला ते बाई म्हणत.

भाऊ म्हणजे आमच्या विभागातले उपकरण-तंत्रज्ञ. मूळचे धानोऱ्याकडचे, ठेकेदाराच्या नावावर बावीस वर्षे याच कारखान्यात. मी गडचिरोलीत वाढलेली, नागपुरात शिकलेली, नियंत्रण विभागातली सर्वांत तरुण अभियंता. आमच्या घरात शिकण्याला एवढे महत्त्व होते की पहिला क्रमांक ही आनंदाची बाब नसून हिशेबात धरलेली बाब असे. त्या सवयीने मी कारखान्यातही सर्वांच्या पुढे जायचे ठरवून आले होते, आणि त्यासाठी मी निवडलेला विषय होता फायरवॉल.

तो विषय थोडक्यात सांगते. कारखान्यात संगणकांची दोन जाळी, म्हणजे नेटवर्क, असतात. एक यंत्रांचे: भट्टी, चक्क्या, कंट्रोल रूम. दुसरे कार्यालयाचे: ईमेल, विक्री, हजेरी, वजनकाटा. कार्यालयाला यंत्रांचे आकडे हवे असतात, पण कार्यालयातून कोणी थेट यंत्रांपर्यंत पोहोचता कामा नये. म्हणून दोहोंच्या मध्ये एक निर्लष्करी पट्टा आखतात. आम्ही त्याला डीएमझेडच म्हणत होतो. यंत्रांच्या बाजूचा सर्व्हर आकड्यांची एक प्रत या पट्ट्यातल्या दुसऱ्या सर्व्हरवर ढकलतो, आणि कार्यालय त्या प्रतीतून वाचते. यंत्रांकडे जाणारी वाट कार्यालयाला मिळतच नाही. दोन्ही जाळी आणि हा पट्टा जिथे भेटतात तिथे फायरवॉल बसते. तिच्यात नियमांची यादी असते. ती वरून खाली वाचली जाते, आणि जो नियम आधी लागू पडतो तोच चालतो. सर्वांत शेवटी मी लिहिलेली ओळ होती: उरलेले सगळे नाकारा. मार्च २०२२ मध्ये मी प्रशिक्षणार्थी असताना ही रचना उभी राहिली. आराखडा माझा होता. मला त्या शेवटच्या ओळीचा अभिमान होता.

भाऊंना नव्हता. "तुमचं फायरवॉल म्हंजे आपल्या गेटवरच्या शिपायासारखं हाय," ते म्हणत. "आमाले डबा उघडून दाखवा लागते. सायबाची गाडी दिसली का दांडा वर."

"भाऊ, यंत्राला साहेब कळत नाही."

"यंत्राले नाई कळत. यंत्र चालवणाऱ्याले कळते ना."

२६ जून २०२३ रोजी त्यांचे म्हणणे खरे ठरले होते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचे एक शिष्टमंडळ येणार होते. दुपारी जेवणानंतर युनिट हेडचा फोन आला: कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या टीव्हीवर भट्टीचा चालू पडदा दिसला पाहिजे. योग्य मार्ग डीएमझेडमधल्या प्रतीवरून चित्रे तयार करण्याचा होता. त्याला दोन दिवस लागले असते. मी दोन मिनिटांचा मार्ग घेतला. कार्यालयाच्या जाळ्यातून थेट कंट्रोल रूमच्या सर्व्हरचा पडदा दुरून उघडता येईल, असा नियम लिहिला. तो एकाच संगणकापुरता ठेवायला हवा होता. पण त्या खोलीतल्या संगणकाचा पत्ता दर वेळी बदलत असे, म्हणून मी कार्यालयाचा सगळा पत्तासमूह मोकळा केला. नियम यादीत सर्वांत वर ठेवला, म्हणजे खालची नकाराची ओळ त्याला अडवणार नाही. शेऱ्यात लिहिले: तात्पुरता, भेटीसाठी.

पाहुणे खूश झाले. तो पडदा युनिट हेडना इतका आवडला की त्यांनी तो स्वतःच्या केबिनमध्येही लावून घेतला. तिसऱ्या दिवशी मी नियम काढण्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "राहू द्या ना. चांगलं दिसतं." मी राहू दिला. पाचशेपेक्षा जास्त दिवस तो तिथे होता. विक्री विभागातल्या कोणीतरी १२ नोव्हेंबरला सकाळी एका बनावट ईमेलची जोडफाइल उघडली, आणि जे काही त्या संगणकात शिरले ते माझ्या नियमाच्या वाटेने वर आले.

आता भाऊंचा यात संबंध काय, ते सांगितले पाहिजे. फायरवॉलमध्ये शिरण्यासाठी दोनच खाती होती: एक पुरवठादाराचे आणि एक भाऊंच्या टोकन क्रमांकाचे, म्हणजे त्यांच्या गेटपासवरच्या क्रमांकाचे. यंत्र बसवले त्या दिवशी हजर असलेला कारखान्याचा माणूस म्हणून त्यांचा क्रमांक घातला गेला होता. माझ्या स्वतंत्र खात्याचा अर्ज मुख्य कार्यालयात पडून होता. तोपर्यंत सगळे काम "भाऊच्या लॉगिन"वरून चाले. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली होता. भाऊंनी स्वतः त्या यंत्रात एकही नियम कधी लिहिला नाही. ते केबल जोडायचे आणि नवीन आकडे वाहू लागले की नाही ते पाहायचे. नियम मी लिहीत असे, त्यांच्या नावाने. यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते, मलाही नाही.

त्या मंगळवारी दुपारी पुरवठादाराचा अभियंता आला. मी पद्धतशीरपणे कामाची यादी केली, कारण गोंधळात यादी करणे मला चांगले जमते. पहिली ओळ होती: फायरवॉलची वेळ दुरुस्त करणे. यंत्रांच्या बाजूला उपग्रहावरून वेळ घेणारे एक अचूक घड्याळ होते, पण फायरवॉलला त्याच्याकडे वेळ विचारण्याची परवानगी देणारा नियम मी कधी लिहिलाच नव्हता. उरलेले सगळे नाकारा, यात तेही नाकारले गेले होते. म्हणून फायरवॉलचे घड्याळ स्वतःच्या बळावर चालत होते आणि दररोज काही सेकंद मागे पडत होते. माझ्या मनगटावर चार वाजले होते तेव्हा पडद्यावर तीनला काही मिनिटे कमी होती. दहा असतील, आठ असतील. मी बघितले, मनात म्हटले, केवढे मागे पडले आहे, आणि अभियंत्याला सांगितले, "आधी घड्याळ नीट लावा, नाहीतर पुढच्या नोंदी चुकतील." त्याने लावले. मग त्याने नियमांची फाइल जपून ठेवली, यंत्र पुसून कोरे केले, नवी प्रणाली घातली आणि नियम परत भरले. जुन्या घटनांच्या नोंदी पुसल्या गेल्या. उरली ती नियमांची यादी, आणि प्रत्येक नियमासमोर दोन गोष्टी: कोणी लिहिला, केव्हा लिहिला.

किती मागे होते, हे मी वहीत लिहिले नाही. चौकशीचे काम शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगतात: घड्याळ दुरुस्त करण्यापूर्वी त्याची चूक टिपून घ्या. मला ते पाठ होते.

संध्याकाळी पाच वाजता बैठक झाली. युनिट हेड, मुख्य कार्यालयातून आलेले माहिती-सुरक्षा विभागाचे प्रमुख, आणि मी. प्रमुखांनी नियमांची यादी पडद्यावर लावली. सर्वांत वरच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"२६ जून २०२३, दुपारी १३ वाजून ४१. हा टोकन नंबर कोणाचा?"

युनिट हेडनी माझ्याकडे पाहिले. मला आठवते की त्यांच्या पाहण्यात धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. ते उत्तराची वाट पाहत होते. मुख्य कार्यालयाच्या त्याच सुरक्षा विभागात माझी निवड जवळजवळ ठरली होती. समोर बसलेल्या गृहस्थांनीच माझी मुलाखत घेतली होती. मी त्या टोकन क्रमांकाचे उत्तर दिले.

"आमच्या तंत्रज्ञांचा."

विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला भाऊंचे कार्ड गेटवर चालले नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत गेटपास स्थगित. ठेकेदाराच्या माणसासाठी याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. एका कारखान्याने गेटपास रद्द केला की तो टोकन क्रमांक बाकीच्या गेटांवरही पोहोचतो, आणि एवढ्या वयाच्या उपकरण-तंत्रज्ञाला या पट्ट्यात दुसरे काम कोणी देत नाही.

मी पाच दिवस गप्प राहिले. या पाच दिवसांबद्दल माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, फक्त क्रम आहे. बुधवारी कंट्रोल रूमचे पडदे परत आले. गुरुवारी भट्टी पेटली. शुक्रवारी निवडीचे पत्र आले. रविवारी मी भाऊंच्या घरी गेले.

कारखान्याच्या फाटकासमोरच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. ते अंगणात खाटेवर बसून एक जुना वीजपंखा उघडत होते. त्यांच्या घरच्या बाईंनी चहा आणला.

"बसा, म्याडम. बाई कशी हाय?" म्हणजे भट्टी.

"गुरुवारी लागली."

"ते मले इथी आवाजावरूनच समजलं. भट्टीच्या कूलरचा तिसरा पंखा अजून ओरडून राह्यला. त्याचं बेअरिंग पाहा मनावं त्या पोट्ट्यायले."

मी म्हटले, "भाऊ, तो नियम मी लिहिला होता."

"मले माहीत हाय." त्यांनी मान वर केली नाही. "त्या दिवशी मी दोनले निंगालो होतो. संध्याकाळी टीव्ही लागला म्हून आयकलं. तुमच्याशिवाय कोन लिहिणार हाय ते?"

"बैठकीत मला विचारलं, नंबर कोणाचा. मी म्हणाले, तुमचा."

त्यांनी स्क्रू एका वाटीत टाकला. "बरोबरच हाय ना. नंबर माहाच हाय."

आतून बाई म्हणाल्या, "मंग आता काय करणार हाय तुमी?" त्यांच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यासाठी होता. ते मला बरे वाटले. घरात कोणीतरी योग्य ते बोलत होते.

सोमवारी मी लेखी निवेदन दिले. नियम मी लिहिला, कोणाच्या सूचनेवरून लिहिला, कोणाचे लॉगिन वापरले. युनिट हेडनी ते माझ्यासमोर वाचले.

"मी फोनवर काय म्हणालो होतो? स्क्रीन दाखवा. नियम उघडा असं म्हणालो होतो का?"

"नाही, सर."

"मग लिहिताना जपून लिहावं." त्यांनी कागद परत दिला नाही, फाडलाही नाही. तो चौकशीच्या कागदांत लावला. "तुमची भावना समजते. पण तुम्ही सहा दिवसांनी लिहिताय. समिती विचारेल, पहिल्या दिवशी का नाही? त्यांना वाटेल, आपल्या माणसाला वाचवताय."

ते खरे होते. म्हणून मला माझ्या शब्दाबाहेरचा पुरावा हवा होता, आणि तो मिळेल असे मला वाटले. भाऊ गेटवर कार्ड पंच करूनच आत-बाहेर जात. २६ जूनला ते १४ वाजून ६ मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद होती. अधिकाऱ्यांना पंच लागत नाही, म्हणून मी त्या दुपारी कुठे होते याची नोंद जगात कुठेच नव्हती. यादीतली वेळ होती १३:४१. फायरवॉलचे घड्याळ तेव्हा पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त मागे होते एवढे सिद्ध झाले, तर नियम लिहिला गेला तेव्हा भाऊ फाटकाबाहेर होते. मंगळवारी चार वाजता मी एक आकडा टिपला असता तर हे सिद्ध करायला एक भागाकार पुरला असता. आता तो आकडा मला दुसरीकडून काढायचा होता.

मार्ग सापडला. नवीन यंत्राचे आकडे डीएमझेडमध्ये आणायचे तेव्हा मी एक नियम लिहीत असे, आणि त्यानंतर प्रतीच्या सर्व्हरवर त्या यंत्राचा पहिला आकडा येई. त्या आकड्यावर यंत्रांच्या बाजूच्या अचूक घड्याळाची वेळ असे. नियमाची वेळ आणि पहिल्या आकड्याची वेळ यांतला फरक म्हणजे घड्याळाची चूक, अधिक मधला उशीर. यादीत असे चार नियम सापडले. फरक निघाले नऊ मिनिटे, एकवीस, एकतीस, साठ. तारखेच्या क्रमाने ते वाढत होते. मी खुर्चीत ताठ बसले. घड्याळ माझ्या बाजूने साक्ष देत होते.

अडचण उशिराची होती. नियम लिहिल्यावर मी भाऊंना हाक मारायची, मग ते खाली जाऊन जोडणी सुरू करायचे. कधी दोन मिनिटांत, कधी चहा झाल्यावर. त्या चहाला किती वेळ लागला हे कोणत्याही सर्व्हरवर नव्हते. मी त्यांना फोन केला.

"भाऊ, मागच्या वर्षी चक्कीचे आकडे जोडले, तेव्हा मी हाक मारल्यावर किती वेळाने खाली गेला होता?"

पलीकडे बराच वेळ हसू होते. "म्याडम, तुमी मले एक सांगा. काल सकाळी तुमी काय खाल्लं?"

"पोहे."

"किती वाजता?"

मी वही उघडली. त्यात पोह्यांची नोंद नव्हती.

"मंग मले काऊन दीड वर्षामागचा चहा इचारून राह्यल्या?"

चौकशी समिती २७ नोव्हेंबरला बसली. अध्यक्ष सुरक्षा विभागाचे तेच प्रमुख होते. मी आलेख ठेवला. घड्याळ रोज चार सेकंदांहून थोडे अधिक मागे पडत होते. २६ जूनला ते सुमारे तेहेतीस मिनिटे मागे होते. म्हणजे नियम सव्वादोनच्या सुमारास लिहिला गेला. त्यांनी मन लावून ऐकले. त्यांना विषय कळत होता, तेच वाईट होते.

"त्रुटी किती धरली आहे?"

"अधिक-उणे अकरा मिनिटे."

"म्हणजे घड्याळाची चूक बावीस मिनिटांचीही असू शकते."

"शक्यता कमी आहे."

"पण आहे. आणि तुम्हाला पंचवीस हवीत."

"हो."

"बावीस धरली तर ते अजून आत होते." त्यांनी पेन खाली ठेवले. "तुम्ही निश्चितपणे सांगू शकता का, मॅडम, की ते बाहेर होते?"

मला खोटे बोलता आले असते. अकराच्या जागी सात लिहिले असते तर त्या खोलीत कोणीही ते तपासले नसते. पण मी ज्या शिक्षणावर एवढी वर्षे उभी होते ते नेमके त्या क्षणी माझ्या तोंडात आले.

"मी स्वतः लिहिला, हे निश्चितपणे सांगते."

"ते निवेदनात आहे. मी घड्याळाबद्दल विचारतोय."

"घड्याळाबद्दल नाही."

अहवालात माझे निवेदन परिशिष्ट म्हणून जोडले गेले. निष्कर्षात लिहिले होते की नियम संबंधित टोकन क्रमांकावरून तयार झाला, आणि त्या क्रमांकाचा धारक त्या वेळी आवारात नव्हता हे सिद्ध होत नाही. सामायिक लॉगिनची प्रथा बंद करावी, अशी शिफारसही होती. माझ्या नावापुढे समज देण्याची नोंद झाली, आणि त्याच परिच्छेदात, घटनेनंतरच्या तत्पर कारवाईबद्दल प्रशंसा. तत्पर कारवाईत घड्याळ दुरुस्त करणे हा पहिला मुद्दा होता.

भाऊंचा गेटपास कायमचा रद्द झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी खोल्या सोडल्या. मी बसपर्यंत गेले. चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून धानोरा. बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या गाठोडी मोजत होत्या. भाऊ खिडकीतून म्हणाले, "पोट्ट्यायनं बेअरिंग बदललं का?"

"बदललं."

"आवाज गेला?"

"गेला."

"बरं झालं." आणि थोड्या वेळाने, बस हलता हलता, "तुमी जा आता म्याडम. ड्युटी हाय तुमची."

मी ती निवड स्वीकारली. हे लिहायला नको होते असे वाटते, पण न लिहिता पुढचे सांगता येत नाही. मुख्य कार्यालयात मी इतर कारखान्यांच्या फायरवॉल तपासते. नियमांच्या यादीत वरून खाली जाताना "तात्पुरता" हा शब्द दिसला की मी तारीख बघते आणि समोरच्या माणसाला विचारते, हा कोणी लिहिला. तो टोकन क्रमांक सांगतो. मी पुन्हा विचारते, "लॉगिन कोणाचं ते नाही विचारत, लिहिला कोणी?" बहुतेक वेळा तो जमिनीकडे पाहतो. त्या पाहण्याचा अर्थ मला कळतो आणि त्याने काही बदलत नाही.

तो जुना हिशेब मी सोडलेला नाही. जानेवारीत जपून ठेवलेल्या फाइलमध्ये पाचवा नियम सापडला; पॅकिंगच्या यंत्राचा, शेऱ्याविना, म्हणून आधी नजरेतून सुटलेला. तो चहाच्या वेळेचा नव्हता, सकाळी सव्वासहाचा होता, आणि त्या दिवशी जोडणी मी स्वतः लगेच केली होती असे मला वाटते. वाटते, असेच लिहिले पाहिजे. तो बिंदू आलेखावर घातला. रेषा जवळजवळ जागच्या जागी राहिली. त्रुटी मात्र आवळली गेली. ती आठच्या खाली आली असती तर मी समितीला पुन्हा लिहिणार होते. पत्राचा मसुदा तयार होता.

तीन वेळा मोजले. वहीत शेवटची नोंद अशी आहे: ३३ मिनिटे, अधिक-उणे ९.